फसलेला प्रयोग फेलोशिपच्या निबंधात कसा लिहावा: काळी माती, सहा सेन्सर आणि चुकलेलं एक पाणी

फेलोशिपच्या अर्जात "तुमचा एखादा प्रयत्न फसला असेल तर त्याबद्दल लिहा" असा प्रश्न आला की आपल्याकडची मुलं दोनपैकी एक वाट धरतात. काहीजण अपयशाच्या नावाखाली यशच लिहितात: "आमचं रीडिंग थोडं चुकलं, पण शेवटी मॉडेल पहिलं आलं." उरलेले इतकं रडगाणं लावतात की प्रयोग नेमका काय होता हे शेवटपर्यंत कळत नाही. या लेखात एकच उदाहरण धरून सगळ्या पायऱ्या दाखवल्या आहेत. उदाहरण रचलेलं आहे आणि त्यातले आकडे समजावण्यापुरते आहेत. मात्र मातीचं आणि सेन्सरचं वागणं खरं आहे, इंदूरच्या आसपास कुठल्याही काळ्या रानात ते दिसेल.

उदाहरण असं. इंदूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या तिघांनी देपालपूरकडच्या अर्ध्या एकर गव्हात सहा कपॅसिटिव्ह ओलावा-सेन्सर 15 सें.मी. खोलीवर रोवले आणि ते ईएसपी32 बोर्डाला जोडले. ओल ठरावीक पातळीखाली गेली की पंप आपोआप सुरू व्हावा, अशी कल्पना होती. पेरणी 15 नोव्हेंबरला झाली. मुकुटमुळं फुटायच्या वेळचं पहिलं पाणी 21व्या दिवशी हातानेच दिलं. दुसरं पाणी कांडी धरताना, 40-42व्या दिवसाच्या सुमारास द्यायचं असतं. पण पंप 33व्या दिवशीच सुरू झाला आणि रानात तर अजून ओल होती.

## 1. आधी अपयश निवडा

प्रत्येक फसलेली गोष्ट या निबंधाला चालत नाही. पार्सल उशिरा आलं, सर बदलून गेले, लाइट गेली, या अडचणी आहेत. तुमच्या विचारातली चूक त्यांत दिसत नाही आणि समितीला तीच बघायची असते. प्रयोग निवडताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. कच्चा डेटा अजून माझ्याकडे आहे का? कारण मी फक्त ओळखलं, की तपासलंही? आणि त्या कारणामुळे माझ्या पुढच्या कामात एक तरी गोष्ट बदलली का, जी एरवी बदलली नसती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आता मी जास्त काळजी घेतो" असं येत असेल, तर तो प्रयोग बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा.

## 2. लिहायला बसण्याआधी हे जमवा

- प्रयोगाची वही. त्या दिवशी पेनने लिहिलेली असेल तशीच, खाडाखोडीसकट. नंतर सुंदर अक्षरात उतरवलेली नको.
- सेन्सरची मूळ फाइल, एकही ओळ न काढलेली.
- मातीच्या नमुन्यांची वजनं: डब्याचं, ओल्या मातीसकट, सुकलेल्या मातीसकट.
- शेताचे आणि भेगांचे तारखेसह फोटो. भेगेशेजारी मोजपट्टी ठेवलेली असेल तर उत्तमच.
- कोणी काय केलं याचा कागद, त्यावर तिघांच्या सह्या.
- शेतकऱ्याची परवानगी. त्यांचं नाव निबंधात टाकायचं असेल तर ते वेगळं विचारा. नसेल टाकायचं तर "शेतमालक" एवढं पुरतं.

मूळ फाइल हरवली असेल तर निबंधात तसं सरळ लिहा आणि तिच्यावर आधारलेला आकडा देऊ नका. आठवणीतून लिहिलेला आकडा मुलाखतीत पहिल्याच उलटतपासणीत उघडा पडतो.

## 3. कारण खरंच सापडलंय का?

निबंध पास होतो किंवा पडतो तो बहुधा इथेच. "काळी माती फाटली म्हणून सेन्सर चुकला" हे वाक्य पटण्यासारखं आहे, पण पटण्यासारखं कारण खरं असेलच असं नाही. त्यामुळे इतर संशयित एकेक करून बाद केलेले दिसले पाहिजेत.

आधी सेन्सर काय मोजतो ते बघू. तो पाणी मोजत नाही. मातीत रोवलेल्या त्याच्या पट्टीच्या भोवतालचा पदार्थ वीजभार किती साठवू देतो ते मोजतो. या गुणाचा आकडा पाण्यासाठी 80च्या आसपास, कोरड्या मातीसाठी 3 ते 5 आणि हवेसाठी 1 असतो. पट्टीला दिसतं तेही तिच्यापासून काही मिलिमीटरपर्यंतच. म्हणजे पट्टी आणि माती यांच्यामध्ये नखाएवढी फट पडली, तरी ती पट्टी शेत सोडून हवा मोजायला लागते. माळव्यातल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. रोवलेल्या पट्टीपासून ती मागे सरकली की फट तयार होतेच.

आता 33व्या दिवसाची फाइल पाहा. या सेन्सरमध्ये आकडा वाढला म्हणजे कोरडेपणा वाढला. हवेत धरल्यावर तो 2800 दाखवायचा, पाण्यात 1300. पंपाची पातळी 2300 ठेवली होती.

```
12-18 12:00, s4, 1962
12-18 13:00, s4, 2107
12-18 14:00, s4, 2318
12-18 15:00, s4, 2441
```

त्याआधीच्या आठवडाभर हा सेन्सर दिवसाला 10 ते 15ने वाढत होता आणि त्या दुपारी तीन तासांत जवळजवळ 480ने चढला. शेत इतक्या झपाट्याने सुकत नाही. ओल उतरते ती हळूहळू. रीडिंगने उडी मारली तर आधी जोडणीवर किंवा संपर्कावर संशय घ्यायचा.

संशयित बाद करायचे ते असे.

बॅटरी. काही स्वस्त बोर्डांवर व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नसतो, त्यामुळे बॅटरी उतरली की सेन्सरचा आकडाही उतरतो. पण इथे उतरता आकडा म्हणजे जास्त ओल. आपली चूक नेमकी उलट्या दिशेची आहे, म्हणून बॅटरी सुटली. चुकीची दिशा बघून एखादं कारण बाद करता येतं, हे निबंधात एका वाक्यात लिहिलंत तर वाचणाऱ्याचे कान टवकारतात.

ऊन. तापमानाने आकडा हलतो, पण रात्री परत जागेवर येतो. दिवसाची ही लाट आधीच्या फाइलमध्ये सुमारे 40ची होती. 18 तारखेची उडी रात्रीही उतरली नाही.

पट्टीत शिरलेलं पाणी. या पट्ट्यांच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथून पाणी आत मुरतं. मग पट्टी पुसून हवेत धरली तरी आकडा 2800वर परत जात नाही. s4 काढून, पुसून धरला तेव्हा 2790 आला, म्हणजे पट्टी धडधाकट होती.

फट. ही सिद्ध करायची चाचणी सगळ्यात सोपी. तोच सेन्सर 10 सें.मी. बाजूला, भेग नसलेल्या जागी रोवला. आकडा आला 1980. माती तीच, दिवस तोच, सेन्सरही तोच, बदलला तो फक्त संपर्क.

एवढ्यावर थांबू नका. माती खरंच ओली होती हे सेन्सरशिवाय दाखवावं लागतं, आणि त्यासाठी ओव्हन. 10 ते 20 सें.मी. खोलीवरची माती डब्यात घ्या, झाकण लावून लगेच वजन करा, मग 105 अंश सेल्सियसवर 24 तास सुकवून पुन्हा वजन करा. डब्याचं वजन वजा करून ओली माती 64.8 ग्रॅम आणि सुकी 50.0 ग्रॅम आली. पाणी 14.8 ग्रॅम, म्हणजे सुक्या मातीच्या 29.6 टक्के. याच रानात भरपूर पाणी देऊन निचरा झाल्यावरची ओल 36 टक्के आणि रोप कोमेजायची पातळी 18 टक्के धरली, तर पिकाला वापरता येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 64 टक्के अजून जमिनीत होतं. पाण्याची पाळी आलेलीच नव्हती.

सापळा: भागाकार सुक्या वजनाने करायचा, ओल्याने नाही. ओल्याने केलात तर 22.8 येतात. मातीशास्त्राचा माणूस समितीत असेल तर तो हा आकडा बघून पुढचं वाचणार नाही.

आता मुळाशी जाऊ. फट पडली हे खरं, पण ती पडेल हे आधी का कळलं नाही? कारण कॅलिब्रेशन चाळलेल्या मातीत केलं होतं. माती वाळवून, कुटून, चाळून प्लॅस्टिकच्या डब्यात भरली, मोजून पाणी घातलं आणि आलेख काढला. आलेख सुरेख सरळ आला, कारण त्या डब्यात माती प्रत्येक वेळी पट्टीभोवती हाताने दाबली जात होती. डब्यातली माती ओली होत गेली. रानातली माती वाळत जाते, आणि फट वाळतानाच पडते. चूक सेन्सरची नव्हती, मातीचीही नव्हती. जी परिस्थिती मोजायची होती तीच कॅलिब्रेशनमध्ये आणली नव्हती. निबंधाचं मर्म हे आहे.

आणि हो, काळी माती फाटते ही बातमी नव्हे. इंदूरला 1924 साली वनस्पती उद्योग संस्था निघाली, अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथेच बसवली. मातीचा अभ्यास या शहराला इतका जुना आहे, आणि शेतमालकाला तर तो पाठच असतो. तो मूठभर माती दाबून वाफसा सांगतो. म्हणून "आम्हाला एक नवीन गोष्ट कळली" असं लिहू नका. "सर्वांना माहीत असलेली गोष्ट आम्ही विचारली नाही" असं लिहा. बोचेल, पण खरं आहे.

## 4. शब्द कुठे खर्च करायचे

मर्यादा 800 शब्दांची आहे असं धरू. प्रश्न आणि तुमचा दावा 120 शब्दांत, काय घडलं ते 150मध्ये, कारण कसं शोधलं ते 230मध्ये, पुढचा प्रकल्प 230मध्ये. राहिलेले 70 शब्द अजून न सुटलेल्या भागासाठी ठेवा. बहुतेक मसुद्यांत पहिले 300 शब्द शेतकऱ्यांच्या पाणीटंचाईवर जातात. तो भाग कापा. समितीला टंचाई माहीत आहे, तुमचा s4 माहीत नाही.

निकाल पहिल्या परिच्छेदातच सांगा. शेवटी धक्का द्यायचा मोह होतो, पण हा काही रहस्यपट नाही.

## 5. खरं बोलणारी वाक्यं

मराठीत कर्त्याला लपायला भरपूर जागा आहे. "चूक झाली", "राहून गेलं", "तसं घडलं". बोलताना हे सगळं सहज चालतं. इंदुरात तर "हो जाता है भिया" म्हणून विषय मिटवता येतो. निबंधात प्रत्येक "झालं" शोधा आणि कोणी केलं ते लिहा. निबंध शेवटी इंग्रजीत द्यायचा असला तरी हा पहिला हात मराठीतच फिरवा. आपण कुठे लपलोय ते आपल्या भाषेत पटकन दिसतं.

एका परिच्छेदाची दोन रूपं पाहा. पहिलं:

> काही तांत्रिक अडचणींमुळे सेन्सरची रीडिंग अपेक्षेप्रमाणे आली नाहीत आणि पाण्याचं नियोजन थोडं बिघडलं. तरीही या अनुभवातून आम्हाला खूप शिकायला मिळालं.

दुसरं:

> कॅलिब्रेशन मी केलं, चाळलेल्या मातीत. रानातली माती वाळताना पट्टीपासून सुटेल हे मी तपासलं नाही. 33व्या दिवशी सहापैकी चार सेन्सरांनी हवेच्या जवळचा आकडा दाखवला आणि आमच्या प्रणालीने पंप सुरू केला. ओव्हनच्या नमुन्यानुसार जमिनीत वापरण्याजोग्या ओलीपैकी सुमारे 64 टक्के ओल शिल्लक होती. शेतमालकाचं एक पाणी वाया गेलं.

"एक पाणी" म्हणजे किती तेही काढून ठेवा. अर्धा एकर म्हणजे सुमारे 2023 चौरस मीटर. त्यावर 5 सें.मी. पाणी उभं केलं तर 101 घनमीटर, म्हणजे साधारण 1 लाख लिटर. हा आकडा लपवू नका. प्रयोगाचा भार कोणावर पडला हे स्वतःहून सांगणारा अर्जदार क्वचित दिसतो.

सापळा: उरलेले दोन सेन्सर. चारच उडाले, दोन नीट चालले, हे गाळायचा मोह होईल कारण गोष्ट सुटसुटीत होते. गाळू नका. ते दोन नीट का राहिले हे माहीत असेल तर लिहा, उदाहरणार्थ ते पाटाजवळ होते आणि तिथली माती वाळलीच नव्हती. माहीत नसेल तर ते न सुटलेल्या 70 शब्दांत टाका.

दुसरा सापळा म्हणजे सगळा दोष अंगावर ओढून घेणं. वायरिंग मित्राचं असेल तर ते त्याचंच. तुमचा भाग नेमका सांगा. "मी अपयशी ठरलो" या वाक्यातून प्रयोगाबद्दल काहीच कळत नाही.

## 6. पुढचा प्रकल्प: प्रत्येक कारणासमोर एक बदल

कागदाच्या मध्ये उभी रेघ ओढा. डावीकडे सापडलेलं कारण, उजवीकडे त्यामुळे केलेला बदल. ज्या बदलासमोर कारण नाही, तो निबंधात नको, कितीही आकर्षक असला तरी. ड्रोन बहुधा याच चाळणीत गळतो.

आपल्या उदाहरणात तीन बदल निघतात.

पहिला, कॅलिब्रेशन न मोडलेल्या मातीत. 10 सें.मी. व्यासाचा, 20 सें.मी. लांबीचा पीव्हीसी पाइप ओल्या रानात ठोकून आख्खा गड्डा काढायचा, त्यात सेन्सर रोवायचा, गड्डा सावलीत वाळू द्यायचा आणि रोज वजन व रीडिंग दोन्ही लिहायची. वजन हळूहळू उतरत असताना रीडिंग एकदम उडाली, तर फट कोणत्या ओलीला पडली ते तिथेच कळतं. हा प्रयोग पंप, शेत आणि शेतमालकाचं नुकसान यांच्याशिवाय होतो. पहिल्यांदा करायला हवा होता तो हाच.

दुसरा, उडी ओळखणारा नियम. पाणी दिलेलं नसताना तासाभरात आकडा 100पेक्षा जास्त चढला, तर त्या सेन्सरवर "संपर्क तुटला" अशी खूण करायची आणि निर्णयातून त्याला वगळायचं. s4 या नियमात पहिल्याच तासाला, 145वर, अडकला असता. मर्यादाही लगेच लिहा: फट दोन-तीन दिवसांत सावकाश रुंदावली तर हा नियम तिला पकडणार नाही.

तिसरा, पंपाची सूत्रं माणसाकडे परत. प्रणाली फक्त सल्ला देणार. त्यासोबत 30 सें.मी. खोलीवर, खड्ड्याच्या भिंतीतून आडवा रोवलेला आणखी एक सेन्सर, कारण खालची माती उशिरा वाळते. आणि दर आठवड्याला ओव्हनचा एक नमुना.

कोणी सुचवेल की पट्टीभोवती त्याच मातीचा पातळ गारा ओता. रोवताना संपर्क चांगला बसतो हे खरं, पण गाराही काळ्या मातीचाच, तोही वाळून आक्रसतो. हा उपाय लिहिणार असाल तर आधी पाइपातल्या गड्ड्यात करून बघा आणि मगच लिहा.

पुढच्या प्रकल्पाचा प्रश्नही लहान झालेला दिसू द्या. आधी होता "गव्हाचं पाणी आपोआप देता येईल का". आता आहे "काळ्या मातीत या सेन्सरचं रीडिंग कोणत्या ओलीपर्यंत विश्वासार्ह राहतं". हा संकोच मुलांना माघार वाटतो. समितीला यात वर्षभरात पुरा होणारा प्रकल्प दिसतो.

## 7. शिफारसपत्र आणि मुलाखत

ज्या सरांकडून शिफारसपत्र घेणार, त्यांना निबंध पाठवण्याआधी वाचायला द्या. निबंधात "प्रयोग फसला" आणि पत्रात "अत्यंत यशस्वी प्रकल्प" असं आलं तर दोन्ही कागद पडतात. सरांना खोटं वाटेल असं काहीच लिहायला सांगू नका. s4 काढून पुन्हा रोवला तेव्हा ते शेतावर हजर होते, एवढं एक वाक्य त्यांच्या पत्रात आलं तरी पुष्कळ झालं.

मुलाखतीला मूळ फाइलची ती चार ओळींची छापील प्रत आणि वहीतलं त्या दिवसाचं पान घेऊन जा. हमखास येणारे प्रश्न तीन: 36 आणि 18 हे आकडे कुठून आणले, ओव्हनचे नमुने किती घेतले, आणि पंप सुरू झाला तेव्हा तुम्ही कुठे होता. पहिल्याचं उत्तर "पुस्तकातून" असेल तर तसं सांगा, आणि या रानात ते मोजायला पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी निचरा झालेल्या जागेतून नमुना घ्यावा लागेल हेही सांगा. दुसऱ्याचं उत्तर "एकच" असेल तर लपवू नका, पण 64 टक्क्यांपुढे "सुमारे" हा शब्द निबंधात आधीपासून असू द्या. तिसऱ्याचं उत्तर बहुधा "हॉस्टेलवर" असंच असतं.